काकीनं खोडलेला शब्द

माझी काकी भांडखोर आहे असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ती ते कधी नाकारत नाही. फक्त एवढंच म्हणते की भांडण मी काढत नाही, समोरचा काढतो, मी ते शेवटास नेते. हे खोटं नाही. मी तिला लहानपणापासून बघतेय. अर्धवट सोडलेलं एकही भांडण तिच्या नावावर नाही.

लग्नाआधी ती बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. फलकावर गाडी सुटायची वेळ ठळक अक्षरांत रंगवलेली, आणि गाडी अजून डेपोत पाय पसरून पडलेली. फलक रंगवणारा घरी, गाडी हाकणारा चहाला, आणि लोकांचा राग झेलायला खिडकीत काकी. कितीतरी वर्षं तिनं दुसऱ्यानं लिहिलेल्या शब्दांसाठी शिव्या खाल्ल्या. काका तिला बघायला गेला तेव्हा पहिलं वाक्य ती बोलली ते असं, की मला विचारायचं ते विचारा, पण मला माहीत नसेल तर मी माहीत नाही असंच सांगणार. काकाला ती तिथंच आवडली. लग्नानंतर तो तिला लाडानं 'चौकशी' म्हणायला लागला, आणि ते नाव गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं.

आमचं हॉटेल छोटं. मोजकी टेबलं, रस्त्याकडे एक खिडकी, मागं स्वयंपाकघर, त्यामागं बोळ. बाबा काउंटरवर, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे काका भट्टीपाशी, आणि टेबलांवर काकी. आई शाळेत शिकवायची, तिला हॉटेलचा वाससुद्धा नको असायचा. मी कॉलेज संपवून नोकरी शोधत होते, म्हणजे दिवसभर काकीच्या मागं ताटं उचलत होते.

आमचं मेनूकार्ड तेव्हा म्हणजे नुसती पदार्थांची नावं होती. सूप, मासा, मिरच्या, कोंबडी, केक. बाकी सगळं काकीच्या तोंडी. गिऱ्हाईक विचारायचं, ती सांगायची. सूप भाज्यांचं असलं तरी कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात शिजतं, हे ती मांस न खाणाऱ्याला न विचारता सांगून टाकायची. काका म्हणायचा की तुझ्यामुळं माझं अर्धं सूप उरतं. ती म्हणायची, उरू दे, मी पिते.

मग समोरच्या फुटपाथवर नवं हॉटेल उघडलं. काचेचं दार, झाडांच्या कुंड्या आणि जाड कागदाचं मेनूकार्ड. आमची गिऱ्हाइकं तिकडं वळताना खिडकीतून दिसायची, आणि काही जण तर आम्हाला ओळख न दाखवता मान खाली घालून जायचे. त्यातच कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत एका विमा कंपनीचं ऑफिस आलं. त्यांना माणसांच्या दुपारच्या जेवणासाठी एक हॉटेल कायमचं ठरवायचं होतं. ते बघणाऱ्या बाई दोन्ही हॉटेलांत जेवून मग निर्णय घेणार होत्या. बाबांनी सरळ सांगितलं की ते ऑफिस मिळालं तर आपण राहू, नाहीतर पाटी उतरवावी लागेल.

आणि बाबांनी जावयाला फोन केला.

जावई म्हणजे माझ्या ताईचा नवरा. जाहिरातींच्या कंपनीत कामाला. माणूस वाईट नाही, पण आमच्या घरात तो जावई आहे, म्हणजे त्यानं पंख्याला सूर्य म्हटलं तरी बाबा घाम पुसतील. त्यानं हौसेनं, फुकट, नवं मेनूकार्ड लिहून दिलं. नमुना छापून आला तेव्हा बाबांनी तो दोन्ही हातांत धरला आणि काकीला वाचायला दिला, कौतुकानं ऐकायच्या तयारीत.

काकीनं मोठ्यानं वाचलं. "समुद्रातून थेट आपल्या ताटात, निवडक मसाल्यांनी नटलेला स्वर्गीय मासा." तिनं काकाकडं बघितलं. काकानं भट्टीकडं बघितलं. आमचा मासा तळ्यातला, बाजारातून बर्फात यायचा, आणि मसाला म्हणजे मीठ, लिंबू, लसूण. पुढं होतं, "बागेतल्या कोवळ्या भाज्यांचं शुद्ध, पौष्टिक सूप." आमच्या मागच्या बोळात बाग नव्हती, कचऱ्याची पेटी होती. केकला 'आजीच्या हातची चव' होती. तो केक काकानं एका बेकरीत काम करताना शिकलेला, आणि आमच्या आजीला जन्मात केक जमला नव्हता. हे खुद्द आजीच सांगायची.

काकीनं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "दादा, हे छापायचं असेल तर खुशाल छापा. पण टेबलावर तुम्ही जा. मला विचारलं तर मी हे सांगू शकणार नाही."

बाबा रागावले की काकीशी थेट बोलत नाहीत, काकामार्फत बोलतात. ती समोर उभी असली तरी. त्यांनी काकाला सांगितलं, की तिला सांग, सगळं जग असंच लिहितं. काकावर काही सांगायची वेळच आली नाही. काकीनं एप्रन काढला, बाबांच्या हातात दिला, आणि काउंटरमागच्या उंच खुर्चीवर जाऊन बसली. बाबांना वाटलं ती हार मानून गप्प बसली. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाला माणूस कळत नाही तो असा.

दुसऱ्या दिवशी बाबा नवी कार्डं घेऊन टेबलांवर गेले.

पहिल्याच टेबलावर आमचा जुना पोस्टमन होता, निवृत्त, रोज तेच खाणारा. त्यानं कार्ड वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि विचारलं की समुद्र इथून किती लांब आहे. बाबा हसले. पोस्टमन हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की मासा बदलला का, कारण समुद्रातला मासा त्याला सोसत नाही. बाबांनी मासा तोच आहे म्हणून सांगितलं. मग हे का लिहिलंय, असं त्यानं विचारलं, आणि बाबा पुढच्या टेबलाकडं वळले.

दुसऱ्या टेबलावर मायलेकी. मुलीनं निवडक म्हणजे कोणते मसाले, असं विचारलं. बाबा आत जाऊन विचारून आले. मीठ, लिंबू, लसूण. मुलगी म्हणाली, बस? तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच म्हणालं असतं, आणि गंमत अशी की नुसतं लिंबू आणि लसूण सांगितलं असतं तर तिच्या तोंडाला पाणी सुटलं असतं.

तिसऱ्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी सूप मागवता मागवता विचारलं की शुद्ध आहे म्हणजे यात मांसाचं काही नसेल ना. मी पाण्याचा जग घेऊन जवळच उभी होते. बाबांचं तोंड 'नाही' म्हणायला उघडलेलं मी बघितलं. मग त्यांनी मान वळवली. काउंटरवर काकी बसली होती, आणि ती त्यांच्याकडं बघतही नव्हती, बिलाच्या कागदाची गुंडाळी बदलत होती. बाबांचं तोंड तसंच मिटलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की यात कोंबडीच्या हाडांचं पाणी आहे. बाई उठून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड नीट मिटून टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

दुपारची गर्दी ओसरल्यावर बाबांनी एप्रन काउंटरवर टाकला आणि काकाला म्हणाले, "सांग तिला, एवढी हुशार असेल तर तिनंच लिहावं."

काकी म्हणाली, "लिहिते. आणि ऑफिस मिळालं नाही तर टेबलं सोडते. मग तुम्हाला हवं ते छापा, हवा तो वेटर ठेवा."

मी सोडून कुणालाच त्या वेळी भीती वाटली नसावी. ती टेबलं म्हणजे काकी होती. तिला ना मूल, ना दुसरं काही. गिऱ्हाईक आत आलं की तिचा चेहरा असा काही व्हायचा, जसं कुणी तिच्याच घरी पाहुणा आलाय. आणि ती ते पणाला लावून मोकळी झाली, तेही मेनूकार्डासाठी.

तिनं बसून लिहिलं आणि मी टाइप केलं. आता मी काकीच्या बाजूची आहे हे उघड आहे, तरी सांगते, तिचा पहिला मसुदा भयंकर होता. "मासा. भाजलेला. काटे आहेत." "सूप. हाडांचं पाणी आहे." "केक. अक्रोड आहेत, काहींना त्रास होतो." वाचून माझी भूक गेली. काकाला वाईट वाटलं. तो म्हणाला, मी इतका वाईट स्वयंपाक करतो का? बाबांचा चेहरा मात्र खुलला.

रविवारी ताई आणि जावई हॉटेलात जेवायला आले. जावयाला आपलं कार्ड नाकारलं गेल्याचं कळलं होतं. त्यानं काकीचा मसुदा वाचला आणि शांतपणे म्हणाला, "काकी, यातलं सगळं खरं आहे. पण हा पंचनामा झाला. मासा मेलेला सापडला, एवढंच कळतं."

काकी हसली. मी तिला असं पडतं घेऊन हसताना क्वचित बघितलंय. मग तिनं विचारलं की मी खोटं लिहिणार नाही, मग भूक लागेल असं लिहायचं कसं. जावयानं हातातला मसुदा खाली ठेवला. तो उठला, खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला आणि म्हणाला, मी गिऱ्हाईक आहे, मला मासा कसा असतो ते सांगा. मला म्हणाला, तू लिहून घे.

काकी टेबलाशी गेली आणि तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, बिडाच्या तव्यावर भाजतो. कातडीच्या बाजूनं ठेवायचा आणि हलवायचा नाही, तो स्वतःहून सुटेपर्यंत. मग कातडी अशी कुरकुरीत होते की सुरी लावली की आवाज येतो. आत मऊ, पांढरं मांस. वर लिंबू, आणि लसूण तर भरपूर. मधला एक मोठा काटा आहे, तो मी काढून देते म्हटलं तर देते. सोबत उकडलेले बटाटे, त्यांना लोणी. एकट्याला पोटभर होतं.

जावई म्हणाला, आता मला मासा द्या. आणि तो खरंच मागत होता.

त्या दिवसापासून आमच्याकडं लिहायची एक पद्धत पडली, आणि ती आजही आहे. काका पदार्थ करायचा. आम्ही खायचो आणि खाता खाता जे तोंडून निघेल ते मी टिपायचे. कुणी 'मस्त' म्हटलं की काकी विचारायची, मस्त म्हणजे काय, दाताला काय लागलं, जिभेला काय लागलं, वास कशाचा आला. 'मस्त'ला उत्तर नसेल तर तो शब्द बाद. 'स्वादिष्ट' बाद, 'खास' बाद, 'ताजा' बाद, कारण मासा बर्फातून येतो. 'घरगुती' शब्दावर बाबा अडून बसले, कारण घरचेच लोक आहोत आपण. काकी म्हणाली की मग गिऱ्हाइकाच्या घरात कोण आहेत? गिऱ्हाइकं टेबलावर जे जे विचारायची, ते सगळं तिला पाठ होतं. तिखट आहे का, काटे आहेत का, एकाला पुरतं का, यात दाणे-अक्रोड काही आहे का. ज्याची विचारणा होते ते लिहायचं, म्हणजे माणसाला भीत भीत विचारावं लागत नाही.

शेवटची गाळणी काकीची स्वतःची होती, आणि सगळ्यात बारीक. ती म्हणायची की शब्द आपल्या चांगल्या दिवशी खरा असून भागत नाही. काका तापानं फणफणलेला असेल, भाजी वाईट आली असेल, दुपारची झुंबड असेल, त्या दिवशी पण तो खरा राहिला पाहिजे. एका दिवशी मिरच्यांना वरून सुंदर करपलेली कड आली होती. काकानं लगेच ते लिहायला सांगितलं. काकीनं आठवडाभर रोज मिरच्या बघितल्या आणि मगच लिहू दिलं.

छापून आलं ते असं होतं. "भरलेल्या ढोबळ्या मिरच्या. आत भात, टोमॅटो आणि वितळलेलं चीज. वरची कड भट्टीत थोडी करपलेली. तिखट नाहीत." आणि, "गाजर, कोबी आणि टोमॅटोचं सूप. कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात मंद आचेवर शिजवलेलं, पातळ आणि गरमागरम. मांस न खाणाऱ्यांसाठी नाही." केकला ओलसर म्हटलं होतं, बेताचा गोड म्हटलं होतं, आणि अक्रोडाचे तुकडे दाताखाली येतात हे लिहिलं होतं, म्हणजे ज्याला आवडतात तो हरखेल आणि ज्याला चालत नाहीत तो थांबेल. स्वर्ग कुठंच नव्हता. पण वाचता वाचता पोस्टमननं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा मिरच्या मागवल्या.

सगळ्यात जास्त मासा जायला लागला. लोक कार्डावर बोट ठेवून म्हणायचे, हा कुरकुरीत कातडीचा. तो एक शब्द मासा ओढून आणत होता. समोर गेलेली माणसं एकेक परत यायला लागली, आणि आता ओळख दाखवून यायची. बाबा थेट काकीशी बोलायला लागले, यावरून काय ते समजा.

मग ऑफिसच्या बाई यायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा हॉटेल ओळखू येत नव्हतं. बाबा पहाटेपासून येऊन घासत होते. खिडकी पुसली होती, टेबलांचे पाय पुसले होते, स्वयंपाकघरातली भांडी आरशासारखी झाली होती. आणि ओट्यावर मधोमध, फडक्यावर उपडा, काकाचा बिडाचा तवा. काळाकुळकुळीत असायचा तो, तेलानं वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेला. बाबांनी तो सोड्याच्या पाण्यात भिजवला होता आणि तारेच्या घासणीनं घासून करडा करून टाकला होता. त्यांना वाटलं होतं, बाई आत डोकावल्या तर असा कळकट तवा बघून काय म्हणतील.

काका आला, त्यानं तव्यावरून बोट फिरवलं आणि खाली बसला. तो कधी रागावत नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्यानं मग उठून तेलाचा हात लावून तवा तापवला, एक मासा ठेवला, आणि वाट बघितली. मासा सुटला नाही. कालथा घातला तर कातडी तव्यालाच राहिली आणि मांस तेवढं वर आलं. दुसराही तसाच. हॉटेलात दुसरा तवा होता तो पातळ पत्र्याचा, त्यावर मासा नीट भाजण्याआधी करपायचा. काका म्हणाला की बिडाच्या तव्यावर परत परत तेलाचा पातळ हात देऊन, धूर येईपर्यंत तापवून, थंड करून, असं मुरवत न्यावं लागेल. आजच्या आज होणारं काम नाही हे.

बाबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी तोड काढली. मासा तोच आहे, चवीला तसाच आहे, कातडीकडं कोण बघतंय, काही बोलू नका.

काकी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं काउंटरवरून पेन घेतलं, कार्डांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि प्रत्येक कार्डावर माशाच्या ओळीतल्या 'कुरकुरीत' या शब्दावर आडवी रेघ मारायला बसली. मला वाईट वाटलं ते शब्दासाठी. आमच्या सगळ्या कार्डात तोच सगळ्यात चांगला होता, आणि तो तिचाच होता. दुसऱ्यांचे शब्द खोडताना तिला मजा यायची. या वेळी ती हळू हळू रेघ मारत होती.

बाबा तिच्यापुढं उभे राहिले. आज रागावले असूनही त्यांनी काकामार्फत निरोप पाठवला नाही. "आजच्या दिवशी? आज? अगं त्या बाई याच माशाचं नाव ऐकून येतायत. एका शब्दासाठी हॉटेल घालवशील."

"एका शब्दासाठीच लोक मासा मागवतात, दादा," काकी म्हणाली. "तो शब्द मी लिहिलाय. तो खोटा झाला तर टेबलाशी मी उभी असणार, तुम्ही नाही. आणि बाई नाहीच म्हणाल्या तर टेबलं सोडायचं मी कबूल केलंय. मी सोडीन. पण तोवर कार्ड माझं आहे."

तिनं शेवटच्या कार्डावर रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

बाई आल्या. साध्या, घाईतल्या, खांद्यावर जड पिशवी. कार्ड उघडलं, वाचता वाचता बोट थांबलं. त्यांनी विचारलं की हे खोडलंय कशाला. काउंटरवर बाबांनी डोळे मिटून घेतले. काकीनं सगळं सांगितलं, तवा घासला गेला हे सांगितलं, कुणी घासला ते सांगितलं नाही. मासा आहे, चव आहे, पण कातडी निघून येते, आणि तवा परत मुरेपर्यंत तसंच राहील. बाईंनी ऐकून घेतलं, मासा घेतला नाही. मिरच्या खाल्ल्या, केक खाल्ला, अक्रोडाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि कळवते म्हणून निघून गेल्या. रस्ता ओलांडून त्या समोरच्या काचेच्या दारात शिरल्या. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

काकीनं एप्रन काढून खुंटीला लावला. उद्यापासून येणार नाही असं ती म्हणाली नाही, पण एरवी ती एप्रन घरी धुवायला नेते, त्या दिवशी नेला नाही. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. काका तव्याला तेल लावत होता, धूर होत होता, आणि बाबा काउंटरवर बसून होते.

पुढचे काही दिवस कुणाचाच फोन आला नाही. काकी येत राहिली, कारण अजून नाही म्हटलेलं नव्हतं, आणि कराराप्रमाणे टेबलं अजून तिची होती. काका रोज तवा तापवायचा. पहिल्यांदा मासा पूर्ण चिकटला, मग अर्धा, मग कडेला थोडा. रोज बाबा आत येऊन बघायचे.

एका दुपारी फोन वाजला. बाबांनी उचलला. पलीकडून काय विचारलं जातंय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण बाबांची पाठ ताठ झाली त्यावरून कळलं की ऑफिसच्या बाई आहेत. बाबा म्हणाले, हो, मी मालक. मग थोडं ऐकलं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. काकानं नुकताच मासा उलटवला होता आणि एका कोपऱ्यात कातडी अजून तव्याला धरून होती. काकी टेबल पुसता पुसता थांबली.

बाबा म्हणाले, "नाही हो, अजून नाही. कडेला चिकटतोय थोडा. सोमवारपर्यंत होईल, पण बघितल्याशिवाय सांगत नाही." मग म्हणाले, "तवा मीच घासला होता."

पलीकडून बाई बराच वेळ बोलल्या. बाबा नुसतं हं हं करत राहिले. फोन ठेवून ते काउंटरला धरून उभे राहिले. बाईंनी सांगितलं होतं की ऑफिसात एकाला अक्रोड चालत नाहीत, काही जण मांस खात नाहीत, आणि समोरच्या हॉटेलात काही विचारलं की सगळं उत्तम आहे एवढंच कळतं. मासा तयार झाला की कळवा, त्याला उशीर झाला तरी चालेल, जेवण मात्र पुढच्या आठवड्यापासून तुमच्याकडून सुरू करू.

काका तवा सोडून बाहेर आला. मी काकीकडं बघितलं. ती विजयानं हसेल असं वाटलं होतं, पण ती खुर्चीत बसली होती आणि हातातलं कोरडं फडकं परत परत पिळत होती. इतके दिवस ती घाबरलेली होती हे आम्हाला तेव्हा कळलं.

सोमवारी मासा पूर्ण सुटला. सुरी लावली तर आवाज आला, बाहेरपर्यंत. बाबांनी पेन आणि कार्डं काकीपुढं ठेवली, खोडलेला शब्द परत लिही म्हणून. तिनं कार्डं बाबांकडं सरकवली.

"फोनवर बाईंना खरं तुम्ही सांगितलंत, दादा," ती म्हणाली. "आता तुम्हीच लिहा. आणि आधी खाऊन बघा."

बाबांनी खाऊन बघितलं. मग रेघेच्या वरच्या बाजूला, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात, एकेका कार्डावर लिहीत गेले. ती रेघ आणि ते अक्षर असलेली कार्डंच आजही टेबलांवर आहेत, आम्ही नवी छापली नाहीत. काकी छापू देत नाही.